बाहेर पडलेल्या बहिणीचं देणं

बाई माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. पहिला कागद बारा वर्षांपूर्वीचा, स्टॅम्प पेपरवर केलेला भागीदारीचा करार. दुसरा त्या भागीदारीतून निवृत्त झाल्याचा करार. तिसरा चार दिवसांपूर्वी दारात आलेलं न्यायालयाचं समन्स. एका सिमेंट-लोखंडाच्या घाऊक व्यापाऱ्याने फर्मवर २४ लाखांचा वसुलीचा दावा लावला होता, आणि समन्सवर फर्मच्या नावाखाली बाईंचंही नाव होतं.

"वकीलसाहेब, यातल्या एकाही बिलावर माझी सही नाही. सगळा माल दादाने उचललाय. मी तर कधीच बाहेर पडले. मग मला हे का?"

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. थोरल्या भावाने हार्डवेअरचं दुकान काढलं तेव्हा त्यांनी ५ लाख दिले आणि भावाच्या आग्रहावरून भागीदार म्हणून सही केली. नफा-तोट्याचं प्रमाण ठरलं दादाचे ४० टक्के, दादाच्या मित्राचे ४० आणि बाईंचे २०. दुकानात त्या दिवाळीच्या वहीपूजनाला तेवढ्या जायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे मी बदलले आहेत, कायद्याचं गणित तेच ठेवलं आहे.)

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, आणि ते टप्प्याटप्प्यानेच द्यावं लागतं. घाईने 'तुमचा काही संबंध नाही' म्हणणारा जितका चुकतो, तितकाच 'सगळे २४ लाख भरावे लागतील' म्हणणाराही चुकतो.

पहिला टप्पा असा, की हे कर्ज दादाचं की फर्मचं? भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे आणि त्याच्या कलम १८ मध्ये सगळ्याचं मूळ आहे. फर्मच्या धंद्यापुरता प्रत्येक भागीदार हा फर्मचा एजंट असतो. कंपनी ही तिच्या भागधारकांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. फर्मचं तसं नाही. फर्म म्हणजे ते भागीदारच, एका नावाखाली एकत्र आलेले. त्यामुळे दादाने धंद्यासाठी केलेली सही ही कायद्याच्या नजरेत तिघांची सही असते.

पण 'धंद्यासाठी' या शब्दाला अर्थ आहे. कलम १९ म्हणतं की फर्म ज्या प्रकारचा धंदा करते, त्या प्रकारच्या धंद्यात नेहमीच्या रीतीने जे केलं जातं, तेवढ्यानेच फर्म बांधली जाते. हार्डवेअरच्या दुकानदाराने सिमेंट आणि सळ्या उधारीवर उचलणं यात नेहमीबाहेरचं काहीच नाही. त्याच दादाने फर्मच्या नावावर शेतजमीन घेतली असती, तर एकट्याच्या सहीने ती फर्मवर लादता आली नसती, कारण स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री कलमाने स्पष्ट शब्दांत वगळली आहे. रोख कर्ज काढण्याच्या बाबतीतही फरक आहे. माल घेऊन विकणाऱ्या फर्मच्या भागीदाराला धंद्यासाठी कर्ज काढण्याचा अधिकार गृहीत धरला जातो. वकिलांच्या किंवा डॉक्टरांच्या फर्ममध्ये तसा धरला जात नाही.

याला जोडूनच कलम २२ येतं. व्यवहार फर्मच्या नावाने झालेला हवा, निदान फर्मला बांधण्याचा हेतू त्यातून दिसायला हवा. मी बाईंना विचारलं, दादाने आणखी कुठे कर्ज केलंय का? त्या म्हणाल्या, मुलीच्या लग्नाला एका नातेवाइकाकडून ३ लाख घेतलेत, स्वतःच्या नावाने चिठ्ठी लिहून. ते कर्ज दादाचं एकट्याचं. त्यातले काही पैसे पुढे दुकानात गेले असले, तरी तेवढ्याने ते फर्मचं होत नाही. उधार देणाऱ्याने भरवसा कोणावर ठेवला, दादावर की फर्मवर, हे इथे बघायचं असतं. घाऊक व्यापाऱ्याची बिलं मात्र सगळी फर्मच्या नावाने, फर्मच्या जीएसटी क्रमांकावर होती. ते कर्ज फर्मचंच.

तेव्हा बाईंनी भागीदारी करारातल्या एका कलमावर बोट ठेवलं. ५० हजारांवरची कुठलीही उधारी सर्व भागीदारांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. करार करताना हे कलम त्यांनीच आग्रहाने घालून घेतलं होतं.

मला फार वाईट वाटतं ते इथे. असं कलम असलेले करार मी अनेक पाहिले आहेत आणि ते घालणारी माणसं खरोखर निश्चिंत झालेली असतात. कायदा मात्र म्हणतो, की भागीदारांनी आपसात घातलेली ही मर्यादा बाहेरच्या माणसाला लागू होते ती त्याला माहीत असेल तरच. कलम २० मध्ये हेच आहे. घाऊक व्यापारी फर्मचा करार मागून वाचत नाही, त्याने तो वाचावा असं त्याच्यावर बंधनही नाही. त्याला समोर भागीदार दिसतो, दुकान दिसतं, तो माल देतो. बाईंचं कलम फुकट गेलं असं नाही. मर्यादा मोडून केलेल्या नुकसानीबद्दल दादाला त्या जबाबदार धरू शकतात. पण ती लढाई बहीण-भावातली. व्यापाऱ्यापुढे तो कागद चालत नाही. हेच कलम एका साध्या पत्राने त्या व्यापाऱ्याला पहिल्याच वर्षी कळवलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला जो या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण विचारतो. "म्हणजे माझ्या वाट्याचे २० टक्के? चार लाख ऐंशी हजार?"

नाही. कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह एकत्रितपणे आणि शिवाय एकटाही जबाबदार असतो. वकिली भाषेत याला संयुक्त आणि पृथक जबाबदारी म्हणतात. धनको तिघांकडून थोडे थोडे मागू शकतो, तसाच एकाकडूनच पूर्ण २४ लाख मागू शकतो. फर्मची मालमत्ता आधी विकून बघा आणि मगच आमच्याकडे या, असंही त्याला सांगता येत नाही. भागीदारांपैकी कोणाही एकाकडून देणं वसूल करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आशुतोष विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सांगितलं आहे. २० टक्के हा आकडा फक्त तिघांच्या आपसातल्या हिशेबाचा. एकाने जास्त भरलं तर तो बाकीच्यांकडून मागू शकतो, पण ते मिळेपर्यंत घर त्याचं जातं. धनको साहजिकच ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडे वळतो. दादाकडे आता काही उरलेलं नव्हतं. मित्राचं घर आधीच बँकेकडे गहाण होतं. बाईंचं पेन्शन जप्तीतून सुटतं, पण स्वकष्टाचा दोन खोल्यांचा फ्लॅट सुटत नाही. समन्सवर त्यांचं नाव का आलं, हे आता वेगळं सांगायला नको.

इथवर सगळं बाईंच्या विरुद्ध गेलं. त्यांची बाजू सुरू होते ती दुसऱ्या कागदापासून.

निवृत्तीचा करार ३१ मार्चचा होता. त्यात लिहिलं होतं की आजवरची आणि यापुढची सर्व देणी राहिलेले दोघे भागीदार फेडतील आणि निवृत्त होणाऱ्या भागीदाराला काहीही तोशीस लागू देणार नाहीत. बाईंना वाटत होतं, एवढ्याने सुटका झाली. पण या करारावर तिघांच्या सह्या होत्या, व्यापाऱ्याची नव्हती. निवृत्तीआधीच्या देण्यातून सुटायचं असेल तर धनको आणि राहिलेले भागीदार यांच्यात तसा करार व्हावा लागतो. स्पष्ट नसला तरी व्यवहारातून दिसणारा तरी हवा. भागीदार आपसात वाटेल ते ठरवोत, धनकोचा हक्क त्याच्या गैरहजेरीत कापता येत नाही. सिंडिकेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हेच सांगून निवृत्त भागीदारांना जबाबदार धरलं होतं.

निवृत्तीनंतरच्या देण्याचं काय? इथे लोकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो. कलम ३२ म्हणतं, निवृत्तीची जाहीर नोटीस दिली जात नाही तोवर निवृत्त भागीदार बाहेरच्यांना आधीसारखाच जबाबदार राहतो. जाहीर नोटीस म्हणजे दुकानात लावलेली पाटी नाही आणि नातेवाइकांना केलेला फोनही नाही. नोंदणीकृत फर्म असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे सूचना, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी, आणि फर्मचा धंदा ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात प्रसिद्धी, असं तिहेरी काम असतं. ही नोटीस निवृत्त होणाऱ्याला स्वतःलाही देता येते. भावाने द्यावी म्हणून वाट पाहायचं कारण नाही.

एक सवलत आहे. ज्या धनकोला तुम्ही कधी भागीदार होता हेच माहीत नव्हतं, त्याच्या निवृत्तीनंतरच्या देण्याला तुम्ही नोटीस दिली नसली तरी जबाबदार नसता. दुकानात न बसणाऱ्या भागीदाराला याचा खरा उपयोग होतो. बाईंच्या निवृत्तीनंतर दादाने एका रंगाच्या कंपनीच्या वितरकाकडून नव्याने माल घ्यायला सुरुवात केली होती. त्या वितरकाने बाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याची बाकी बाईंना लागत नाही. सिमेंटवाल्याकडे मात्र पहिल्याच वर्षी खातं उघडताना भरलेल्या फॉर्मवर तिन्ही भागीदारांची नावं, पॅन क्रमांक आणि सह्या होत्या. तो बाईंना ओळखत होता.

मी विचारलं, जाहीर नोटीस दिली होती का? बाई म्हणाल्या, लगेच नाही. पुढच्या वर्षी त्यांचं आयकर विवरणपत्र भरणाऱ्याने पिच्छा पुरवला म्हणून निवृत्तीनंतर चौदा महिन्यांनी तिन्ही गोष्टी केल्या. राजपत्राची प्रत आणि पेपरातलं कात्रण त्यांच्या घरी कपाटात होतं. दुसऱ्या दिवशी त्या ते घेऊन आल्या. या चौदा महिन्यांची माल-उधारी बाईंच्या गळ्यात राहिली, पण त्यानंतरची सुटली.

आता प्रश्न एका तारखेवर आला. नोटिशीच्या दिवशी व्यापाऱ्याची बाकी किती होती? त्याने दाव्याला जोडलेल्या खातेउताऱ्यात त्या दिवशी फर्मकडे ९ लाख येणे दिसत होते. त्यानंतर दादाने आणखी ४० लाखांचा माल घेतला आणि अधूनमधून मिळून २५ लाख भरले. नऊ अधिक चाळीस वजा पंचवीस, बाकी २४ लाख. व्यापाऱ्याच्या वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, ठीक आहे, नोटिशीनंतरचं बाईंकडून मागत नाही, पण त्या दिवशीचे ९ लाख तर त्यांचे आहेतच.

ऐकायला हे सरळ वाटतं. पण नोटिशीनंतर आलेले २५ लाख कोणत्या देण्यापोटी जमा झाले, हे बघितल्याशिवाय ते मान्य करता येत नाही. हा प्रश्न दोनशे वर्षांहून जुना आहे आणि तो उभा राहिला तोही एका भागीदारीतच. लंडनच्या एका खासगी बँकपेढीतला डेव्हेन्स नावाचा भागीदार १८०९ मध्ये वारला. त्या दिवशी पेढीकडे क्लेटन नावाच्या खातेदाराची काही रक्कम जमा होती. उरलेल्या भागीदारांनी पेढी त्याच नावाने चालू ठेवली. क्लेटनने पुढे त्या जुन्या शिलकेपेक्षा जास्त पैसे काढले आणि नवे पैसे भरलेही. १८१० मध्ये पेढी बुडाली. क्लेटनने मयत भागीदाराच्या इस्टेटीकडे हात केला. १८१६ मध्ये निकाल देणारे न्यायाधीश सर विल्यम ग्रँट यांनी सांगितलं, की सलग चालणाऱ्या खात्यात जे आधी आलं ते आधी गेलं असं धरायचं. मृत्यूच्या दिवशीची शिल्लक पुढच्या काढलेल्या पैशांतच संपली. आता जे बुडालं ते नवं देणं, आणि मयताची इस्टेट नव्या देण्याला जबाबदार नाही.

आपल्याकडे हाच विचार १८७२ च्या करार कायद्यात तीन पायऱ्यांनी आला आहे. पैसे देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी देतो हे सांगितलं असेल तर तसंच धरायचं. त्याने सांगितलं नसेल तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नसेल तर कलम ६१ प्रमाणे जुनं देणं आधी फिटलं असं मानायचं.

मग मी आणि माझा सहकारी त्या खातेउताऱ्यावर पट्टी ठेवून ओळ-ओळ वाचत बसलो. पेढीच्या कॉम्प्युटरवर जमा नोंदी दोन तऱ्हेने केलेल्या होत्या. काही जमांपुढे नेमका बिल क्रमांक होता, म्हणजे हा चेक अमुक बिलापोटी. काहींपुढे नुसतं 'ऑन अकाउंट' लिहिलेलं. बिल क्रमांक असलेल्या जमांची बेरीज १८ लाख झाली, आणि ती सगळी बिलं नोटिशीनंतरची होती. 'ऑन अकाउंट' जमा ७ लाख निघाली. या ७ लाखांना कोणीच विशिष्ट बिल लावलेलं नव्हतं, म्हणून ते जुन्या बाकीत जातात. नऊ वजा सात. बाईंच्या अंगावर उरले २ लाख.

सगळ्याच जमा 'ऑन अकाउंट' असत्या तर बाई पूर्ण सुटल्या असत्या. सगळ्याच नव्या बिलांना लावलेल्या असत्या तर ९ लाख जसेच्या तसे राहिले असते. दादाने कुठला चेक कसा दिला आणि व्यापाऱ्याच्या मुनीमाने तो कुठे टाकला, यावर बहिणीचे सात लाख अवलंबून होते, आणि यातलं काहीही बहिणीच्या हातात नव्हतं. म्हणून निवृत्त होणाऱ्याला मी एक काम आवर्जून करायला सांगतो. त्या दिवशी प्रत्येक धनकोकडून बाकीचा सही-शिक्क्याचा उतारा घ्या. शक्य असेल तर ती जुनी बाकी वेगळ्या खात्यात टाकून राहिलेल्या भागीदारांकडून आधी फेडून घ्या आणि धनकोकडून 'यापुढे यांच्याकडे काही मागणी नाही' असं लेखी मिळवा. बँकेचं कर्ज असेल तर निवृत्तीआधी हे झालंच पाहिजे. शिवाय बँकेला वैयक्तिक हमीपत्र दिलं असेल तर ती जबाबदारी भागीदारीपासून वेगळी असते. ते हमीपत्र स्वतंत्रपणे सोडवून घ्यावं लागतं.

समन्सबद्दलही सांगायला हवं, कारण बाईंनी ते चार दिवसांत आणलं म्हणून बरंच वाचलं. फर्मच्या नावावर दावा लावता येतो आणि भागीदार म्हणून एखाद्यावर स्वतंत्रपणे समन्स बजावता येतं. ज्याच्यावर असं समन्स बजावलं गेलं आणि तो हजर झाला नाही, त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर फर्मविरुद्धच्या हुकूमनाम्याची बजावणी करता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशातला ५० वा नियम हे सांगतो. ज्याच्यावर असं समन्स बजावलेलं नाही आणि जो भागीदार असल्याचं त्या दाव्यात ठरलेलंही नाही, त्याच्याविरुद्ध धनकोला आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते आणि तिथे तो आपलं म्हणणं मांडू शकतो. म्हणजे 'माझा काही संबंध नाही' म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकणारा स्वतःचा बचावच गमावतो. आपण त्या काळात भागीदार नव्हतो असं ज्याला म्हणायचंय, त्याला ते निषेध नोंदवून हजर होऊन मांडता येतं. ३० व्या आदेशातला ८ वा नियम त्याचसाठी आहे.

आम्ही हजर झालो. लेखी म्हणण्यात तारखा मांडल्या आणि खातेउताऱ्याची ओळवार फोड जोडली. व्यापाऱ्याच्या वकिलांनी ती आठवडाभर तपासली. बाईंपुरता दावा लोकअदालतीत २ लाख आणि ठरलेल्या व्याजावर मिटला. पावतीवर 'निवृत्त भागीदार म्हणून पूर्ण व अंतिम' असे शब्द घालून घेतले. ते नसते तर उद्या त्याच खात्यातलं दुसरं एखादं बिल काढून पुन्हा नोटीस आली असती. उरलेल्या रकमेसाठी दावा दादा आणि त्याच्या मित्राविरुद्ध चालू आहे.

बाईंनी भरलेले हे दोन लाख त्यांना दादा आणि मित्राकडून पूर्ण परत मागता येतात, २० टक्के वाटा वगळूनही नाही, कारण निवृत्तीच्या करारात सर्व देणी त्या दोघांनी अंगावर घेतली आहेत. त्यासाठी पैसे भरल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मी बाईंना त्या नोटिशीचा मसुदा करून दिला आहे. तो त्यांच्या त्याच पिशवीत, तिन्ही कागदांच्या खाली आहे. त्यावर अजून त्यांनी सही केलेली नाही.